वर्ग केल्यावर आलेलं दुसरं उत्तर कुणाचं? वर्गमुळाची समीकरणं, पायरीपायरीने

राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीत अकरावीची मुलं येतात तेव्हा वर्गसमीकरण त्यांच्या हातात चांगलं बसलेलं असतं. अवयव पाडणं, सूत्र लावणं, विवेचक काढणं, यात फारसं कुणी अडत नाही. मग एक दिवस फळ्यावर असं समीकरण येतं:

√(x + 7) = x − 5

दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा हे बहुतेकांना सुचतं. डावीकडे x + 7, उजवीकडे x² − 10x + 25. सगळं एका बाजूला घेतलं की

x² − 11x + 18 = 0

अवयव (x − 9)(x − 2), म्हणजे x = 9 किंवा x = 2. इथवर सगळं सुरळीत चालतं. आता मूळ समीकरणात 9 घालून बघा. डावीकडे √16 = 4, उजवीकडे 9 − 5 = 4. जुळलं. 2 घालून बघा. डावीकडे √9 = 3, उजवीकडे 2 − 5 = −3. नाही जुळलं.

इथे दरवर्षी कुणीतरी हात वर करतं. "सर, गणित बरोबर केलंय की! एकही पायरी चुकलेली नाही. मग 2 का टाकायचा?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर "नियमच तसा आहे" असं देऊन चालणार नाही. 2 कुठून आला हे एकदा कळलं की ताळा कशासाठी करायचा, तो कुठे करायचा आणि ताळा जुळला नाही तर आपलं चुकलं की उत्तरच उपरं आहे, हे सगळं आपोआप उलगडतं. इंग्रजी माध्यमाची मुलं अशा उत्तराला एक्स्ट्रेनियस रूट म्हणतात. मी इथे त्याला उपरं उत्तर म्हणेन.

2 कुठून आला

आधी एक गोष्ट पक्की करा. x² = 9 या समीकरणाची दोन उत्तरं आहेत, 3 आणि −3. पण √9 ही एकच संख्या आहे आणि ती 3 आहे. √ हे चिन्ह नेहमी शून्य किंवा धन वर्गमूळच दाखवतं. ऋण हवं असेल तर आपल्याला −√9 असं लिहावं लागतं. "नऊचं वर्गमूळ अधिक-उणे तीन" असं म्हणायची सवय ज्यांना लागलेली असते, त्यांना या धड्यात सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्यांच्या मते √9 = −3 हेही खरंच असतं आणि मग 2 टाकायचं कारणच उरत नाही.

आता वर्ग करताना काय होतं ते बघू. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतातच. उलट मात्र तसं नाही. वर्ग समान असतील तर मूळ संख्या समान असतील, किंवा एक दुसरीच्या विरुद्ध चिन्हाची असेल. म्हणजे

√(x + 7) = x − 5

आणि

√(x + 7) = −(x − 5), म्हणजेच √(x + 7) = 5 − x

ही दोन वेगळी समीकरणं आहेत, पण दोघांचा वर्ग केला की तेच x² − 11x + 18 = 0 मिळतं. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं, त्यामुळे बहुपदीला आपण कोणत्या समीकरणाकडून आलो हे कळायला मार्गच राहत नाही. ती दोघांचीही उत्तरं आपल्या हातात ठेवते. 9 हे आपल्या समीकरणाचं उत्तर, 2 हे शेजारच्याचं. पडताळून बघा: √(2 + 7) = 3 आणि 5 − 2 = 3. अगदी बरोबर.

म्हणून 2 ला मी चूक म्हणत नाही. तो एका खऱ्या समीकरणाचं खरं उत्तर आहे, फक्त आपल्याला विचारलेल्या समीकरणाचं नाही. आपण ते वेगळं काढायचं एवढंच.

सोडवायची रीत

वर्गमूळ एकटं करा. वर्ग करण्याआधी √ असलेलं पद एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला न्या. हे समीकरण

√(x + 7) + 5 = x

असं दिलेलं असेल आणि घाईत तसाच वर्ग केला, तर डावीकडे (x + 7) + 10√(x + 7) + 25 येतं. वर्गमूळ जागच्या जागी राहिलं, उलट त्याला 10 चा गुणक चिकटला. गणित चुकलेलं नाही, पण पुढे सरकलेलंही नाही. 5 पलीकडे नेला असता तर एका वर्गात काम झालं असतं.

वर्ग करा, पण पूर्ण बाजूचा करा. x − 5 चा वर्ग x² − 25 नव्हे, आणि x² + 25 तर नव्हेच. तो x² − 10x + 25 आहे. या धड्यात हातून निसटणारं पद बहुतेक वेळा हे मधलंच असतं. ते गेलं की पुढची सगळी मांडणी देखणी दिसते आणि उत्तर भलतंच येतं.

आलेलं बहुपदी समीकरण नेहमीसारखं सोडवा. यात नवीन काही नाही.

शेवटी ताळा करा, आणि तो मूळ समीकरणातच करा. वर्ग केल्यानंतरच्या कुठल्याही ओळीत उत्तर घालून बघितलं तर ते जुळणारच, कारण चिन्ह तिथे आधीच पुसलेलं आहे. x + 7 = x² − 10x + 25 या ओळीत 2 घाला. 9 = 9. काही मुलं एवढं बघून ताळा झाला म्हणतात. झालेला नसतो.

ताळ्याचा एक छोटा मार्गही आहे. वर्गमूळ एकटं केल्यावर समीकरण √A = B असं दिसत असेल, तर डावी बाजू कधीच ऋण नसते, म्हणून B सुद्धा शून्य किंवा धन असला पाहिजे. तेवढी एक अट पुरते. आपल्या उदाहरणात x − 5 ≥ 0, म्हणजे x किमान 5 हवा. 9 राहतो, 2 जातो, काही घालून बघायची गरजच नाही.

पुष्कळ ठिकाणी याऐवजी वर्गमुळाच्या आतली संख्या ऋण नाही ना एवढंच तपासायला सांगितलेलं दिसतं. इथे ते पुरत नाही. x + 7 ≥ 0 म्हणजे x ≥ −7, आणि या अटीत 9 आणि 2 दोघेही बसतात. खरं तर एकच वर्गमूळ असेल तेव्हा ही अट आपोआप पाळली जाते, कारण A = B² झाल्यावर A हा कुणाचा तरी वर्ग आहे आणि वर्ग ऋण नसतो. तेव्हा नजर वर्गमुळाच्या आत नको, पलीकडच्या बाजूवर हवी.

उत्तरं किचकट आली तर ही अट फार उपयोगी पडते. √(x + 1) = x − 2 हे समीकरण घ्या. वर्ग करून x² − 5x + 3 = 0, आणि उत्तरं (5 + √13)/2 आणि (5 − √13)/2. ही मूळ समीकरणात घालायची म्हणजे वर्गमुळात वर्गमूळ. त्याऐवजी अंदाज घ्या: √13 सुमारे 3.6, म्हणून पहिलं उत्तर 4.3 च्या आसपास, दुसरं 0.7 च्या आसपास. अट x ≥ 2. पहिलं राहिलं, दुसरं गेलं.

आणि उत्तर ऋण आलं म्हणून ते उपरं, असं मुळीच समजू नका. ही चूक हुशार मुलंही करतात. √(x + 6) = −x हे सोडवा. x + 6 = x², म्हणून x = 3 किंवा x = −2. सवयीने हात −2 खोडायला जातो. ताळा बघा: x = −2 ला डावीकडे √4 = 2, उजवीकडे −(−2) = 2, जुळलं. x = 3 ला डावीकडे 3, उजवीकडे −3. इथे धन उत्तर उपरं आहे आणि ऋण उत्तर खरं. चिन्ह बघायचं ते x चं नव्हे, B चं.

ताळा जुळला नाही तर

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि शिकवताना यावरूनच घाईने पुढे जाणं होतं. ताळा जुळला नाही की मुलं "उपरं आहे" म्हणून उत्तर खोडून मोकळी होतात. पण ताळा दोन कारणांनी फसतो. एक, उत्तर खरोखर उपरं आहे. दोन, मध्ये कुठे तरी आकडेमोड चुकली आहे. या दोन्हींत फरक करता येतो.

उपरं उत्तर शेजारच्या समीकरणाचं खरं उत्तर असतं. म्हणून वर्गमूळ एकटं ठेवून ताळा केला की दोन्ही बाजूंचा आकडा तोच येतो आणि चिन्ह फक्त विरुद्ध असतं. वर 3 आणि −3 आलं ते याच कारणाने. तुमच्या ताळ्यात डावीकडे 3 आणि उजवीकडे −3 आलं तर निर्धास्त राहा, उत्तर उपरं आहे, खोडा. पण डावीकडे 3 आणि उजवीकडे −4 आलं, किंवा डावीकडे √11 आणि उजवीकडे 2, तर ते उत्तर कुणाचंच नाही. तुमची आकडेमोड चुकली आहे. वर जा, मधलं पद बघा, चिन्हं बघा.

विशेषतः दोन्ही उत्तरं खोडली जात असतील तेव्हा हे तपासल्याशिवाय "उत्तर नाही" असं लिहू नका.

विहिरीत टाकलेला दगड

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "सर, आमच्या उसातल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात किती खाली गेलंय ते दगड टाकून काढता येतं का? आबा दोर सोडून बघतात." येतं, आणि त्यातून जे समीकरण तयार होतं ते या धड्यासाठी बेतल्यासारखं आहे.

काठावरून दगड नुसता सोडायचा, फेकायचा नाही. सोडल्याक्षणी मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करायचं आणि डुबुक आवाज आला की थांबवायचं. या वेळेत दोन तुकडे असतात: दगड खाली जायला लागलेला वेळ आणि आवाज वर यायला लागलेला वेळ. पाण्यापर्यंतची खोली d मीटर धरू. दगडाला गुरुत्वामुळे मिळणारा त्वरण हिशेबाच्या सोयीसाठी 10 धरला (खरा 9.8 च्या जवळपास), तर d = 5t², म्हणून दगडाचा वेळ √(d/5) सेकंद. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला तर आवाजाचा वेळ d/340. दोन्ही मिळून स्टॉपवॉचचा आकडा.

समजा आकडा 2.06 सेकंद आला. कागदावर भागाकार सोपे जावेत म्हणून मी 35/17 घेतो, तो 2.0588 आहे. आता

√(d/5) + d/340 = 35/17

वर्गमूळ एकटं करू आणि दोन्ही बाजूंना 340 ने गुणू, म्हणजे छेद जातील:

340√(d/5) = 700 − d

वर्ग करू. 340 चा वर्ग 115600, त्याला 5 ने भागलं की 23120.

23120d = 490000 − 1400d + d²

d² − 24520d + 490000 = 0

(d − 20)(d − 24500) = 0

खोली 20 मीटर, नाहीतर 24500 मीटर. साडेचोवीस किलोमीटर! कोल्हापुराहून पन्हाळ्याला रस्त्याने जाण्यापेक्षा हे अंतर जास्त आहे. हसून खोडून टाकायचा मोह होतो, पण आधी ताळा करू. d = 20 ला डावीकडे 340 × 2 = 680, उजवीकडे 700 − 20 = 680. d = 24500 ला डावीकडे √4900 म्हणजे 70, त्याला 340 ने गुणून 23800. उजवीकडे 700 − 24500 = −23800. आकडा तोच, चिन्ह विरुद्ध. म्हणजे आकडेमोड बिनचूक आहे आणि 24500 शेजारच्या समीकरणाचं उत्तर आहे. ते "एवढी खोल विहीर असते का" म्हणून जात नाही. समीकरणातच बसत नाही म्हणून जातं.

शेजारचं समीकरण इथे कोणती गोष्ट सांगतं, हे बघण्यासारखं आहे. त्यात दगडाचा वेळ +70 नव्हे, −70 सेकंद आहे. म्हणजे स्टॉपवॉच सुरू होण्याच्या 70 सेकंद आधी साडेचोवीस किलोमीटर खोलवरून कुणी तरी दगड वर फेकला. बरोबर शून्य सेकंदाला तो काठावर येऊन क्षणभर थांबला. फेकतानाचा आवाज वर यायला 24500 ÷ 340, म्हणजे सुमारे 72.06 सेकंद लागले. तो निघालाही 70 सेकंद आधी, म्हणून काठावर पोचला 2.06 सेकंदाला. स्टॉपवॉचचा आकडा अगदी तोच. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर हिशेबात कुठेही फट नाही. बहुपदीला ही गोष्ट आणि आपली गोष्ट यात फरक दिसत नाही, कारण फरक फक्त वेळेच्या चिन्हाचा होता आणि तोच आपण वर्ग करून पुसला.

हेच गणित d ऐवजी दगडाच्या वेळेत, t मध्ये, मांडलं तर t² + 68t − 140 = 0 येतं आणि उत्तरं 2 आणि −70. तिथे t ऋण नको हे लगेच दिसतं. मला ही मांडणी जास्त आवडते. पण वर्ग करण्याच्या रीतीत तेच −70 कसं 24500 बनून, धन आकड्याचा वेष घेऊन येतं, हे एकदा बघितलेलं बरं.

प्रत्यक्ष मापनाबद्दल एक सूचना. दगड पाण्याजवळ पोचताना सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने जात असतो. म्हणून बोटाने स्टॉपवॉच थांबवताना सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर झाला तरी खोलीत जवळजवळ 2 मीटरची चूक येते. पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या. मोटर किती खाली बसवायची हे ठरवायचं असेल तर मात्र आबांचा दोरच खरा.

दोन वर्गमुळं असतील तेव्हा

रीत तीच, फक्त वर्ग दोनदा करावा लागतो. एक वर्गमूळ एका बाजूला, दुसरं पलीकडे, मग वर्ग. एक वर्गमूळ जातं. उरलेलं पुन्हा एकटं करायचं आणि पुन्हा वर्ग.

√(2x + 3) − √(x + 1) = 1

√(2x + 3) = 1 + √(x + 1)

2x + 3 = 1 + 2√(x + 1) + (x + 1)

x + 1 = 2√(x + 1)

इथे थांबा. दोन्ही बाजूंना √(x + 1) आहे, त्याने भागून टाकावं असं वाटतं. भागलं तर √(x + 1) = 2, x = 3, आणि एक खरं उत्तर हातचं गेलं. भागायच्या आधी ते शून्य असू शकतं का हे बघायला हवं. ताळ्याने जास्तीचं उत्तर काढता येतं, हरवलेलं उत्तर परत आणता येत नाही, म्हणून ही चूक अधिक महागात पडते. भागण्याऐवजी वर्ग करा:

(x + 1)² = 4(x + 1)

(x + 1)(x − 3) = 0

x = −1 किंवा x = 3. ताळा: x = −1 ला √1 − √0 = 1. x = 3 ला √9 − √4 = 1. दोन्ही खरी.

आता मधलं फक्त एक चिन्ह बदलू:

√(2x + 3) + √(x + 1) = 1

पायऱ्या तशाच जातात. तिसऱ्या ओळीनंतर x + 1 = −2√(x + 1) येतं आणि वर्ग केल्यावर पुन्हा तेच (x + 1)(x − 3) = 0. पण ताळ्यात x = −1 ला 1 + 0 = 1, जुळलं, आणि x = 3 ला 3 + 2 = 5, नाही जुळलं. दोन वर्गमुळं असली की शेजारी एक नसतो, तीन असतात, कारण दोन्ही वर्गमुळांपुढचं चिन्ह बदलता येतं. अशा वेळी उपरं उत्तर ओळखायची खूण थोडी वेगळी: एखाद्या वर्गमुळाचं चिन्ह बदललं की आकडा जुळला पाहिजे. इथे 3 + 2 जुळत नाही, पण 3 − 2 = 1 जुळतं. म्हणजे 3 उपरं आहे, चूक नाही. कुठलंही चिन्ह बदलून जुळत नसेल तर वही पुन्हा तपासा.

दोन वर्गमुळांच्या गणितात छोट्या अटीवर विसंबू नका. दोनदा वर्ग केला की दोन ठिकाणी अट बघावी लागते आणि एखादी सुटते. सरळ पहिल्या ओळीत उत्तर घाला.

घनमुळात ही भानगड नाही. दोन वास्तव संख्यांचे घन समान असतील तर त्या संख्या समानच असतात, घन करताना चिन्ह पुसलं जात नाही. म्हणून ∛(x + 7) = 2 चा घन करून x = 1 आलं की ते पक्कं. तिथे ताळा आकडेमोडीसाठी करायचा, उपऱ्या उत्तरासाठी नव्हे.

लीलावतीतले भुंगे

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत भुंग्यांचं एक गणित आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीवर गेले, थव्याचा आठ-नवमांश भागही गेला. राहिली एक भुंगी आणि कमळात अडकलेला तिचा भुंगा, ज्याच्या गुंजारवाला ती बाहेरून साद देत होती. थवा केवढा? आपल्या भाषेत

√(x/2) + 8x/9 + 2 = x

वर्गमूळ एकटं केलं की √(x/2) = x/9 − 2. वर्ग करून, छेद काढून 2x² − 153x + 648 = 0. उत्तरं 72 आणि 4.5. इथे सगळे म्हणतात, साडेचार भुंगे कसे असतील, खोडा. खोडायचंच आहे, पण कारण वेगळं आहे. हाच प्रश्न भुंग्यांऐवजी लिटरमध्ये दुधाचा असता तर साडेचार लिटर छान चाललं असतं, आणि तरीही उत्तर उपरंच राहिलं असतं. ताळा बघा: x = 4.5 ला डावीकडे √2.25 = 1.5, उजवीकडे 0.5 − 2 = −1.5. आकडा तोच, चिन्ह विरुद्ध. आणि 72 ला डावीकडे √36 = 6, उजवीकडे 8 − 2 = 6.

शाब्दिक उदाहरणात म्हणून दोन चाळण्या लावायच्या. आधी समीकरणाची: उत्तर मूळ समीकरणात बसतं का? मग गोष्टीची: भुंगे पूर्ण संख्येत आहेत का, लांबी धन आहे का? एकीतून पडलं म्हणून दुसरी लावायची राहिली असं होऊ देऊ नका, कारण पुढच्या गणितात गोष्टीची चाळणी उपऱ्या उत्तराला सहज आत सोडेल.

उत्तरपत्रिकेत उपरं उत्तर नुसतं खोडू नका. एक ओळ लिहा: "x = 2 घेतल्यास डावी बाजू 3, उजवी बाजू −3, म्हणून x = 2 हे दिलेल्या समीकरणाचं उत्तर नाही." मग खाली x = 9.

सरावाला ही जोडी घ्या:

√(19 − 5x) = x − 5

√(19 − 5x) = 5 − x

दोन्हींचा वर्ग केला की x² − 5x + 6 = 0 येतं, म्हणजे x = 2 आणि x = 3. पहिल्या समीकरणात ताळ्याला 3 समोर −3 आणि 2 समोर −2 येतात, म्हणून त्याला एकही उत्तर नाही. दुसऱ्यात दोन्ही उत्तरं खरी. हे आधी स्वतः करून बघा, आणि मग √(3x + 1) = x − 3 सोडवा. त्यात 8 राहायला हवा आणि 1 जायला हवा, 1 चा ताळा 2 आणि −2 असा येऊन.